सरी म्हणजे मत नव्हे

उमाकांत देवस्थळी बेंगळुरूला आले तेव्हा त्यांना कन्नडचा एकच शब्द येत होता, आणि तोही घरमालकाने शिकवलेला. मल्लेश्वरमच्या त्या पहिल्या खोलीचे मालक आप्पाजी यांनी भाडं सांगितलं, पाण्याची वेळ सांगितली, रात्री दार किती वाजता बंद होतं ते सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "आता तुम्ही म्हणायचं, सरी." उमाकांत म्हणाले, "सरी." म्हणजे ठीक आहे, बरोबर आहे, कबूल आहे. एका शब्दात इतकं सगळं मावतं म्हटल्यावर साताऱ्याहून आलेल्या मितभाषी इंजिनियरला आणखी काय हवं होतं? पुढे ते कन्नड उत्तम बोलायला लागले, भाजीवाल्या अक्कांशी घासाघीसही करायला लागले, पण मनाचा मुक्काम त्या पहिल्या शब्दावरच राहिला.

सरकारी कारखान्यात ते तपासणी विभागात होते. यंत्राचा सुटा भाग समोर यायचा, माप घ्यायचं, मापात बसला तर शिक्का, नाही तर परत. उमाकांतांना स्वतःचं मत कोणी कधी विचारलं नाही, कारण मत मायक्रोमीटरचं असायचं. घरी मत प्रतिमाताईंचं असायचं. मुलगा आशय कॉमर्सला जाणार की सायन्सला, भिंतींना पिवळा रंग द्यायचा की पांढरा, गणपती दीड दिवसाचा की पाच दिवसांचा, सगळ्याला एकच उत्तर. माणूस इतका गुणी होता की त्याच्याशी भांडायचं म्हटलं तर धरायला काही सापडायचं नाही. प्रतिमाताई म्हणायच्या, "यांच्याशी संसार करणं म्हणजे भिंतीवर चेंडू मारणं. भिंत निदान चेंडू परत तरी देते."

असा हा माणूस निवृत्त झाल्यावर कायदा शिकायला गेला, हे ऐकून ओळखीचे लोक हसले. कायद्याला जायचं तर वाद घालावा लागतो. उमाकांतांचं म्हणणं असं की निवृत्तीनंतर सकाळी काहीतरी मापात बसवायला हवं, आणि कलमं ही मापंच असतात. जवळच्या एका कॉलेजात तीन वर्षांचा एलएलबी सकाळच्या वर्गांना होता. ते चालत जायचे, पहिल्या बाकावर बसायचे, आणि नातवंडांच्या वयाची पोरं त्यांना "अंकल" म्हणून त्यांच्याच वहीतून टिपणं उतरवून घ्यायची. शिवाजीनगरच्या एका शिंप्याकडून त्यांनी काळा कोटही आधीच शिवून आणला होता. वकिली अजून पुष्कळ लांब होती, पण कोट कपाटात असला की माणसाला धीर येतो.

आता मुख्य गोष्ट. आशय आणि त्याची बायको प्रांजली, दोघंही आयटीतले, होसकोटे रस्त्याकडच्या एका मोठ्या सोसायटीत राहत होते. आईबाबांनी मल्लेश्वरमचं स्वतःचं घर भाड्याने देऊन आपल्याकडे राहायला यावं असं आशयने सुचवलं होतं. उमाकांत म्हणाले, "सरी." मग लक्षात आलं, की तिथून सकाळच्या वर्गाला पोचायचं तर पहाटे कोंबड्याला उठवून निघावं लागेल. म्हणजे कायदा संपला. त्यावर आशयनेच तोड काढली. या सहामाहीत सगळे विषय निघाले, तर डिग्री होईपर्यंत थांबू. एखादा राहिला, तर सामान जूनमध्ये हलवायचं. उमाकांतांना पहिला बाक आणि कपाटातला कोट आठवला. पण तोंडातून काय निघणार? "सरी."

आणि नेमकं त्याच सहामाहीत प्राध्यापक हयवदन यांनी वर्गाला निकालावर टिप्पणी लिहायला सांगितली. अलीकडचा एखादा निकाल घ्या. पहिल्या भागात त्याचा सारांश, दुसऱ्यात त्याची चिकित्सा, तिसऱ्यात तुमचं स्वतःचं सकारण मत. अंतर्गत गुणांचा मोठा वाटा त्यावर होता. टिप्पणी स्वीकारली गेली नाही तर विषय गेलाच म्हणून समजा.

उमाकांतांनी सुप्रीम कोर्टाचा एक निकाल घेतला, दोन हजार पंचवीसच्या सुरुवातीचा. एका आईने मुलाला घर दान केलं. दानपत्रात मुलगा आपला सांभाळ करतो असा उल्लेख होता. पण सांभाळलं नाही तर दान परत घेता येईल, ही गोष्ट त्याच दिवसाच्या वेगळ्या वचनपत्रात होती. हे वचनपत्र खोटं आहे असं मुलाचं म्हणणं. पुढे दोघांचं बिनसलं आणि आई दाद मागायला गेली. ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात तेविसावं कलम आहे. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळलं नाही, तर ते दान रद्द होऊ शकतं. खाली आई जिंकत आली. हायकोर्टात दोन न्यायाधीशांपुढे हरली, कारण त्यांच्या मते अशी अट खुद्द दानपत्रातच असायला हवी होती. सुप्रीम कोर्टाने ते उलटवलं, दोन्ही कागद एकत्र वाचले, कायदा म्हाताऱ्यांच्या भल्यासाठी आहे तेव्हा त्याचा अर्थ उदारपणे लावायचा असं म्हटलं, आणि घराचा ताबा आईला द्यायला सांगितलं.

उमाकांतांनी झकास टंकलेली टिप्पणी वेळेआधी दिली. समास जिथल्या तिथे, परिच्छेदांना आकडे, तळटिपा ओळीत उभ्या. ती चार दिवसांनी परत आली. हयवदनांनी त्यांना वर्ग संपल्यावर कँटीनमध्ये बोलावलं आणि बाय-टू कॉफी मागवली, म्हणजे एकच कॉफी दोन पेल्यांत. हा प्राध्यापक उमाकांतांपेक्षा वीस वर्षांनी लहान होता, म्हणून त्यांना "सर" म्हणायचा. उमाकांतही त्यांना "सर" म्हणायचे. त्यामुळे ते दोघं बोलू लागले की कोण कोणाचा विद्यार्थी हे कळत नसे.

"सर, तुमच्या सारांशात एक गंमत आहे," हयवदन म्हणाले. "तुम्ही लिहिलंय, कोर्टाच्या मते अट दानपत्रातच हवी. हे वाक्य कुठून घेतलं?"

"निकालातूनच. परिच्छेदासकट उतरवलंय."

"निकालात ते आहे. पण अवतरणचिन्हांत आहे. ते हायकोर्टाचं म्हणणं आहे. सुप्रीम कोर्टाने ते उतरवून घेतलं, कारण पुढे ते खोडायचं होतं."

उमाकांतांनी चष्मा पुसला आणि परत वाचलं. खरंच होतं. निकालात छापलं आहे म्हणजे ते कोर्टाचंच, असं त्यांनी धरलं होतं. कारखान्याच्या परिपत्रकात छापलेला प्रत्येक शब्द व्यवस्थापनाचाच असायचा. तिथे हरलेल्याचं म्हणणं आधी छापून मग खोडायची पद्धत नव्हती.

"आणि तिसरा भाग," हयवदनांनी शेवटचं पान उलटलं. "एकच ओळ आहे. मी या निकालाशी आदरपूर्वक सहमत आहे."

"हो. आहे मी सहमत."

"आई जिंकली याच्याशी?"

"सरी."

"आणि अट दानपत्रातच हवी याच्याशीही? सारांशात तेच कोर्टाचं मत म्हणून लिहिलंय तुम्ही."

उमाकांतांनी सारांशाचं पान आणि शेवटचं पान शेजारी शेजारी धरलं. जिंकणाऱ्या आईशीही ते सहमत होते आणि ज्याने तिला हरवलं त्या कारणाशीही. आयुष्यभर दोन्ही बाजूंना सरी म्हणत आलेल्या माणसाने ते आता रीतसर टंकून, सही करून दिलं होतं.

हयवदन हसले, पण वाईट हसले नाहीत. "सर, सहमत व्हा, नाही तर होऊ नका, मला दोन्ही चालेल. पण सरी म्हणजे मत नव्हे. सरीच्या पुढे एक शब्द असतो. याके? का? तेवढं लिहा. सोमवारी द्या. त्यानंतर मला घेता येणार नाही."

त्या दिवशी उमाकांत मल्लेश्वरमच्या रस्त्यांवरून लांबच्या वाटेने घरी आले. विषय गेला तर जून, आणि जून म्हणजे होसकोटे. आपल्याला हे इतकं लागतंय याचंच त्यांना नवल वाटलं. आजवर ज्याला त्याला सरी म्हटलं, तेव्हा कुठे काही लागलं नव्हतं. की लागत होतं आणि कळत नव्हतं, कोण जाणे.

दुरुस्ती सोपी होती, ती त्यांनी त्याच संध्याकाळी केली. मत मात्र येईना. मग त्यांनी आशयला फोन लावला. इंजिनियरला सिद्धान्त तपासायचा तर नमुना लागतो, आणि घरात नमुना एकच होता.

"आशय, समज, मी घर तुझ्या नावावर केलं."

"कशाला बाबा?"

"समज म्हणतोय. आणि तू आम्हाला सांभाळलं नाहीस. जेवायला दिलं नाहीस."

आशय म्हणाला, "आईला फोन द्या."

प्रतिमाताईंनी फोन घेतला, सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "अरे, जेवले आत्ताच. दोन वाट्या आमटी प्यायले. डोकं ठिकाणावर आहे, नुसता अभ्यास चाललाय." पण आशयचं समाधान झालं नाही. रविवारी तो आणि प्रांजली मेट्रोने मॅजेस्टिकला गाडी बदलून मल्लेश्वरमला हजर झाले. प्रांजलीच्या हातात फळांची पिशवी होती, आजाऱ्याला नेतात तशी.

जेवताना उमाकांतांनी सगळा खटला सांगितला. पुण्याची प्रांजली तोंडाने फटकळ आणि डोक्याने तल्लख. ती लगेच मुलाच्या बाजूने उभी राहिली. "पण बाबा, त्या मुलाचाही विचार करा ना. घर नावावर झालं, त्याने लोन काढून किचन करून घेतलं, आणि दहा वर्षांनी भांडण झालं की परत द्या? अट असेल तर क्लिअरली लिहा. नसेल तर नसेल. ही काय कायमची टांगती तलवार!"

"लिहा म्हणे," प्रतिमाताईंनी पोळी तव्यावरच ठेवली आणि स्वयंपाकघराच्या दारात आल्या. "पोटच्या पोरासमोर बसून कोणती आई लिहील, की मला जेवायला घालशील या अटीवर देते? लिहिलं तर विश्वास नाही असं होतं. नाही लिहिलं तर रस्त्यावर. लाजेनंच मरायचं तिनं."

"पण आई, मला नसतं वाईट वाटलं," आशय म्हणाला.

"आत्ता नाही म्हणतोस. कागद पुढे आला असता म्हणजे तोंड पाहिलं असतं तुझं."

तिघांनीही उमाकांतांकडे पाहिलं. उमाकांत भात कालवत प्रतिमाताईंना म्हणाले, "प्रांजलीचं सरी आहे. आणि तुझंही सरी आहे."

"बघा," प्रतिमाताई म्हणाल्या. "हे बघा. हेच लिहून द्या त्या मास्तरांना."

प्रांजलीला हसू आवरेना. आशयही हसला. उमाकांतही हसले, पण त्यांचा हात भातातच थांबला. पोळी करपल्याचा वास आला, प्रतिमाताई आत पळाल्या, आणि इकडे उमाकांतांना अभिमन्यू आठवला.

अभिमन्यू हा त्यांच्या कारखान्यातला सगळ्यात कसबी फिटर. त्याने आवळलेला बोल्ट कधी सैल निघाला नाही. नवीन साहेब आले आणि म्हणाले, त्याचं काम तपासून बघा. अभिमन्यूने हत्यारं खाली ठेवली. इतकी वर्षं कोणी तपासलं नाही, आताच माझ्यावर संशय का, म्हणून तो दोन दिवस कोणाशी बोलला नाही. उमाकांतांनी तेव्हा कोणाशी वाद घातला नाही, फक्त तपासणीच्या तक्त्यात एक रकाना वाढवला. बोल्ट कोणीही आवळो, दुसऱ्याने मोजायचा आणि सही करायची. साहेबांनी स्वतः आवळला तरी. त्या दिवसापासून अभिमन्यू कधी रुसला नाही. एकट्याला विचारलं तर तो संशय असतो, सगळ्यांना विचारलं तर ती रीत असते.

"तुम्ही जेवा," उमाकांत म्हणाले आणि उष्ट्या हाताने उठले. प्रतिमाताई ओरडल्या, "हात धुवा आधी." त्यांनी हात धुतला, पण ताक घेतलं नाही, आणि ताक न घेता ते पानावरून उठल्याचं त्या घराने पहिल्यांदा पाहिलं.

संध्याकाळपर्यंत तिसरा भाग झाला. पहिलं वाक्य लिहायलाच खूप वेळ लागला, कारण ते "मला वाटतं" असं सुरू होत होतं. त्यांनी दोनदा खोडून "असे वाटते" केलं. मग प्रांजलीने खांद्यावरून पाहून विचारलं, "कोणाला वाटतं?" तेव्हा परत "मला" केलं.

सोमवारी कँटीनमध्ये हयवदनांनी सगळं वाचलं. कॉफी गार झाली. उमाकांत शाळकरी पोरासारखे हात मांडीवर ठेवून बसले होते.

"निकाल बरोबर, हे तुम्ही म्हणता," हयवदन म्हणाले. "याके?"

"एकाच दिवशी, एकाच व्यवहारात झालेले कागद वेगळे वाचायचे नसतात. पेच आणि नट एकाच नकाशावर तपासतात. पण कोर्टाचा सगळा भर उदारपणावर आहे. ज्या आईकडे वचनपत्रही नाही, तिचं काय, ते यातून कळत नाही. आधीचा एक निकाल म्हणतो, की आईबाप पुष्कळदा मायेपोटी, काही न मागता देतात, म्हणून अट होती असं म्हणणाऱ्याने ती सिद्ध करायची. म्हणजे ज्या आईला लाज वाटली, तिलाच सिद्ध करायला लावायचं."

"आणि तुमचा उपाय?"

"दस्त नोंदवताना सब-रजिस्ट्रार देणाऱ्याला विचारतोच, हा दस्त तुम्हीच केलात ना. त्यात आणखी एक प्रश्न घालावा. ज्येष्ठ नागरिक मालमत्ता देत असेल तर त्याला एकट्याला विचारावं, सांभाळण्याची अट आहे का? हो किंवा नाही, तिथेच दस्तावर लिहावं. सगळ्यांना विचारायचं. मग आईला मागितल्यासारखं वाटत नाही, मुलाला संशय घेतल्यासारखं वाटत नाही, आणि नाही लिहिलं असेल तर मुलालाही शांत झोप लागते."

"पण मुलगा घरूनच पढवून आणेल. नाही म्हण म्हणून."

"आणेल. शिक्का मारलेला भागही कधी कधी मोडतो. म्हणून शिक्का बंद नाही करत आपण."

"आणि ज्यांचे दस्त आधीच झालेत?"

"त्यांच्यासाठी कोर्टाचीच वाट. सगळे कागद, सगळी परिस्थिती एकत्र वाचायची. तिथे मी सहमत आहे." उमाकांत थांबले आणि घाईने म्हणाले, "कारण लिहिलंय. पान सहा."

हयवदनांनी पेन काढलं. "सर, मी तुमच्याशी सहमत नाही. हे काम कायदेमंडळाचं आहे, निकालावरच्या टिप्पणीत तुम्ही स्वल्प लांब गेलात. शिवाय त्या प्रश्नाला घाबरून नाही म्हणणाऱ्या आया मला फार दिसतात. नंतर त्यांच्या त्या नाहीनेच त्यांची वाट अडेल." त्यांनी पहिल्या पानावर सही केली. "पण गेल्या आठवड्यात मला तुमच्याशी असहमत होताच येत नव्हतं. आज येतंय. टिप्पणी घेतली."

उमाकांतांना इतका आनंद झाला की त्यांनी दोन पूर्ण कॉफ्या मागवल्या. आपल्या मताला कोणीतरी चुकीचं म्हटलं याने एवढं बरं वाटतं, हे त्यांना या वयात कळलं. आणि त्या घाबरून नाही म्हणणाऱ्या आयांचं उत्तर त्यांना घरी जाताना रस्ताभर सापडेना, यातही मजा आली.

परीक्षेचा निकाल यथावकाश लागला. सगळे विषय निघाले. ही बातमी घेऊन ते घरी आले, तेव्हा प्रतिमाताई माळ्यावरून काढलेली पितळेची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. एप्रिल सरत आला होता, आणि जून डोक्यात ठेवून त्यांनी थोडं थोडं आवरायला घेतलं होतं.

"पास झालो," उमाकांत म्हणाले. "डिग्री होईपर्यंत जायचं नाही."

"बरं झालं," प्रतिमाताई म्हणाल्या, आणि हातातलं पातेलं गुंडाळतच राहिल्या. "म्हणजे दीड वर्षानं जायचं. तोवर भांडी अशीच राहू देत."

उमाकांत शेजारी जमिनीवर बसले. पास झाल्याचा आनंद होता, पण बोल्ट कुठेतरी सैल होता. त्यांनी पातेलं प्रतिमाताईंच्या हातातून घेतलं.

"मला जायचंच नाही," ते म्हणाले. "दीड वर्षानंही नाही. इथले रस्ते माझ्या पायाखालचे आहेत. इथल्या लोकांशी मी भांडू शकतो. आशयकडे मी पाहुणा होईन आणि सगळ्याला सरी म्हणत बसेन."

प्रतिमाताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाच्या तोंडून सलग तीन कारणं त्या प्रथमच ऐकत होत्या.

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"कोणी विचारलं नाही. आशयने सांगितलं, मी सरी म्हटलं." मग त्यांना आपलीच टिप्पणी आठवली, आणि थोडी लाजही वाटली, कारण नियम सगळ्यांना विचारण्याचा होता. "तुला जायचंय का?"

प्रतिमाताईंनी शेजारच्या तांब्यावरचा कागद सोडवला, त्याची नीट घडी केली, आणि तांब्या बाजूला उभा ठेवला.

"मला कुठं जायचं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही सरी म्हणालात. मला वाटलं, तुम्हाला जायचंय."

उमाकांतांनी हातातल्या पातेल्यावरचा कागद सोडवला. मग दोघांनी मिळून एकेक भांडं सोडवलं. रात्री आशयचा अभिनंदनाचा फोन आला तेव्हा प्रतिमाताईंनी तो सरळ उमाकांतांच्या हातात दिला आणि समोर बसल्या.

"आशय," उमाकांत म्हणाले, "आम्ही तिकडे येणार नाही. कारणं सांगतो, पेन घे."